‘पीस ऑफ केक’ला मराठीत काय म्हणावे? डाव्या हातचा मळ सगळीकडे चालत नाही

लेखणीवाली (नागपूर)

नमस्कार मंडळी. मी इंग्रजी चित्रपटांची आणि मालिकांची मराठी उपशीर्षके लिहिते. सध्या हातात असलेल्या कामात ‘सोपे आहे’ या अर्थाचे इंग्रजी वाक्प्रचार चार ठिकाणी आले आणि चारही ठिकाणी मी ‘डाव्या हातचा मळ’ लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी चारपैकी तीन ओळी परत पाठवल्या आणि समासात एवढेच लिहिले की, मराठी बरोबर आहे, पण असे कोणी बोलत नाही. दोन दिवस विचार केल्यावर मला त्यांचे म्हणणे पटले आहे, तथापि पर्याय नीट सुचत नाहीत, म्हणून हा धागा.

चार प्रसंग असे आहेत. पहिल्यात १९४० सालचा एक तरुण ब्रिटिश वैमानिक पहिल्याच मोहिमेवर निघताना मित्राला म्हणतो, “पीस ऑफ केक.” एवढेच, पुढेमागे काही नाही. दुसऱ्यात शाळेतून आलेली मुलगी आईला सांगते की आजची परीक्षा ‘इझी अ‍ॅज पाय’ होती. तिसऱ्यात एक आजी शेजारणीला सांगते की, दोन मुलगे एकटीने वाढवणे हे काही ‘पीस ऑफ केक’ नव्हते. चौथ्यात एका जुन्या मेकॅनिकबद्दल त्याचा मालक म्हणतो की, असले इंजिन उघडणे त्याच्यासाठी ‘चाइल्ड्स प्ले’ आहे. परत न आलेली एकमेव ओळ ही चौथी.

अर्थ चारही ठिकाणी ‘सोपे’ असाच असताना एकच मराठी वाक्प्रचार एका ठिकाणी बसतो आणि तीन ठिकाणी बसत नाही, असे का होत असावे?

खवय्या (ठाणे)

या वाक्प्रचाराचा उगम पाहिला तर उत्तर सापडेल असे वाटते. अमेरिकेत गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरचे कृष्णवर्णीय लोक जोड्याजोड्यांनी नाचत आणि उत्तम चाल करणाऱ्या जोडीला केक बक्षीस मिळत असे. त्यावरून ‘केकवॉक’ आला आणि त्यातूनच ‘पीस ऑफ केक’. म्हणजे मुळात हे बक्षीस सहज पदरात पडण्याबद्दल आहे. त्यामुळे मराठीत ‘आयते ताट समोर येणे’ हे जास्त जवळचे ठरेल.

जुना वाचक (पुणे)

खवय्या, आपले अर्धे म्हणणे बरोबर आहे. केकवॉक हा नाच खरा होता, केकचे बक्षीसही खरे, आणि सहज जिंकलेल्या सामन्याला इंग्रजीत ‘केकवॉक’ म्हणतात तेही त्यावरूनच. मात्र ‘पीस ऑफ केक’ त्यातून निघाल्याचा भक्कम पुरावा नाही. ‘सोपी गोष्ट’ या अर्थाने तो छापील स्वरूपात दिसतो तो बराच नंतर, १९३६ साली, ऑग्डेन नॅश या अमेरिकी कवीच्या एका कवितेत. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या वैमानिकांच्या तोंडी तो इतका रुळला की अनेकांना तो त्यांचाच शब्द वाटतो. लेखणीवाली यांच्या वैमानिकाच्या तोंडी तो आला आहे हे काळाला धरूनच आहे.

‘इझी अ‍ॅज पाय’ त्याहून जुना, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी प्रयोग आहे. दोन्हींमध्ये सोपेपणा आहे तो खाण्याचा. केक किंवा पाय समोर आली आहे आणि आपण फक्त तोंड हलवायचे आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल म्हणून आताच सांगून ठेवतो, कारण मराठीतही खाण्याचीच उपमा आहे, पण ती उलट्या बाजूने वापरली जाते.

सीमापार (न्यू जर्सी)

खाण्याचा सोपेपणा हे वाचून उलगडा झाला. इथे आल्यावर पहिल्या वर्षी शेजारणीने मला सफरचंदाची पाय शिकवली, तेव्हापासून मला हा वाक्प्रचार चुकीचाच वाटत आला होता. लोणी फ्रीजमधून काढून थंडगारच मैद्यात चोळायचे, त्याचे वाटाण्याएवढे तुकडे शिल्लक राहिले पाहिजेत, पाणी बर्फाचे आणि तेही चमच्याचमच्याने घालायचे, आणि पीठ जास्त मळले की पापुद्रा सुटण्याऐवजी वातड होते. माझ्या हाताची ऊब लोण्याला लागून पहिल्या तीन पाय बिघडल्या. पुरणपोळीचे पुरण सैल झाले की जी गत होते तीच. तेव्हा ‘पाय इतके सोपे’ असे म्हणणाऱ्याने ती कधी केलेली नसावी, असेच मी समजत होते.

माझ्या मुलीचाही एक किस्सा सांगते. ती इथेच वाढली. एकदा आजीशी फोनवर बोलताना म्हणाली, “आजी, गणित तर केकचा तुकडा आहे.” सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मला विचारले की गणितात हिला बक्षीस मिळाले का. त्या वाक्यातला सोपेपणा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

अनघा (रत्नागिरी)

सोपेपणाच्या म्हणी मराठीत भरपूर आहेत, पर्याय सुचत नाहीत असे का वाटावे? आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे, सुंठीवाचून खोकला जाणे, पी हळद आणि हो गोरी, मऊ लागले म्हणून कोपराने खणणे, उचलली जीभ लावली टाळ्याला. यातली कोणतीही घालता येईल.

जुना वाचक (पुणे)

अनघाताई, म्हणी सगळ्या अस्सल आहेत, परंतु त्यांतली एकही ‘हे काम सोपे आहे’ असे सांगत नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा दुसऱ्याच्या कष्टावर मिरवतो. सुंठीवाचून खोकला जातो तेव्हा उपाय करण्याआधीच पीडा टळलेली असते, म्हणजे काम केलेलेच नसते. हळद पिऊन गोरे होऊ पाहणारा उतावळा आहे. कोपराने खणण्याची म्हण तर एखाद्याच्या मऊ स्वभावाचा गैरफायदा घेऊ नये म्हणून सांगतात. या सगळ्यांत सोपेपणा दिसतो खरा, पण बोट दाखवले जाते ते माणसाच्या वागण्याकडे. मुलीने घरी येऊन “आई, पेपर म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला” असे सांगितले, तर आईला वाटेल पेपरच रद्द झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘डाव्या हातचा मळ’ या वाक्प्रचाराला दोन अटी आहेत आणि त्या कोणी लिहून ठेवलेल्या नसल्या तरी आपण सगळे पाळतो. पहिली अट अशी की त्याला धनी लागतो. माझ्या डाव्या हातचा, तुझ्या डाव्या हातचा, त्याच्या डाव्या हातचा. ‘ही परीक्षा डाव्या हातचा मळ आहे’ असे म्हटले की ऐकणारा मनात विचारतो, कोणाच्या? इंग्रजीत केकला धनी नाही. काम स्वतःच सोपे असते, मग ते कोणीही करो. मराठीत काम सोपे आहे असे आपण म्हणत नसून करणारा त्यात मुरलेला आहे असे म्हणत असतो. म्हणूनच तो जुन्या मेकॅनिकला चपखल बसला, कारण इंजिन उघडणे इतरांना अवघडच आहे, त्याला मात्र सोपे आहे.

दुसरी अट अशी की तो होकारातच राहतो. ‘स्वयंपाक माझ्या डाव्या हातचा मळ नाही’ असे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते कोणाच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही. आजीची ओळ त्यामुळेच परत आली असणार.

लेखणीवाली (नागपूर)

ही ‘कोणाच्या?’ ची कसोटी मी ताबडतोब चारही ओळींना लावून पाहिली. मुलीच्या ओळीत धनी घालून ‘परीक्षा माझ्या डाव्या हातचा मळ होती’ असे केले, तर नऊ वर्षांची मुलगी एकदम बढाईखोर वाटू लागते आणि मूळ प्रसंगात तशी छटा अजिबात नाही. ती फक्त सुटकेचा निःश्वास टाकते आहे. वैमानिकाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे, कारण ही त्याची पहिलीच मोहीम आहे. जे कधी केलेलेच नाही ते डाव्या हातचा मळ कसे होईल?

आजीच्या ओळीसाठी मात्र मार्ग अजून दिसत नाही. आपण खाण्याची उपमा उलट्या बाजूने वापरतो असे म्हणालात, ते कृपया सविस्तर सांगावे.

जुना वाचक (पुणे)

‘खायचे काम नाही.’ एवढेच ते आहे. “दोन पोरांना एकटीने वाढवणं म्हणजे काही खायचं काम नाही.” इंग्रजी आजीने केक नाकारला, मराठी आजी खाणेच नाकारते, आणि दोघींचा विचार एकच आहे की खाण्यात कष्ट नसतात. इतका जवळचा जोड क्वचित मिळतो. मात्र हा वाक्प्रचार नकारातच जगतो. ‘परीक्षा म्हणजे खायचे काम होते’ असे आपण म्हणत नाही. प्रश्न केला तरी त्यात नकारच असतो, जसे की “हे काय खायचं काम आहे?”

तुकोबांनी भक्तीला ‘सुळावरील पोळी’ म्हटले आहे. पोळी आहे, पण ती सुळाच्या टोकावर आहे. लोखंडाचे चणे खाणे हाही तसाच प्रकार. खाणे सोपे हे गृहीत धरून, मग ते खाणेच अवघड करून ठेवायचे, अशी ही रीत आहे.

फळा आणि खडू (सातारा)

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आणि ‘चाइल्ड्स प्ले’ हा माझ्या रोजच्या अनुभवातला खड्डा आहे. मुले त्याचे भाषांतर हमखास ‘पोरखेळ’ करतात आणि शब्दाला शब्द लावला तर त्यांची चूक काढता येत नाही. गेल्या सहामाहीच्या उत्तरपत्रिकेत एकाने लिहिले होते, “पोहणे हा माझ्या काकांचा पोरखेळ आहे.” वाचणाऱ्याला वाटेल की काका पोहण्यात थिल्लरपणा करतात आणि एक दिवस बुडतील. आपल्याकडे पोरखेळ म्हणजे गांभीर्य नसलेला कारभार. “हा काय पोरखेळ लावलाय?” असे मोठ्या माणसाला सुनावले जाते.

वरचा मुद्दा वाचताना लक्षात आले की नकारात मात्र हाच शब्द नेमका जुळतो. “संसार म्हणजे पोरखेळ नव्हे” आणि त्याचे इंग्रजी रूप यांत मला काही फरक दिसत नाही. म्हणजे खायचे काम आणि पोरखेळ यांची गत एकच झाली, दोन्ही ‘नाही’ लागल्यावरच सोपेपणाबद्दल बोलतात. ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ याचीही भर त्यात घालता येईल. येरागबाळ्याचे काम आहे, असे आपण कधी म्हणतो?

खवय्या (ठाणे)

मग याचे कारण आपल्या स्वभावात असावे. आपल्याकडे काम सोपे आहे असे मोठ्याने सांगणे बरे समजत नाहीत. कष्टाचा मान ठेवायचा म्हणून भाषा ‘सोपे नाही’ एवढेच सांगते.

फळा आणि खडू (सातारा)

हे मला पटत नाही. डाव्या हातचा मळ ही उघड फुशारकी आहे आणि ती मराठीच आहे. “असे छप्पन्न पाहिलेत” म्हणणाराही आपल्यातलाच आहे. दोनचार वाक्प्रचारांवरून समाजाचा स्वभाव काढायला मी तरी धजणार नाही.

गिरगावकर

आणि सोपेपणाची गोड उपमा मराठीत होकारात येतच नाही हे तरी पूर्ण खरे कुठे आहे? आमच्या चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळताना हळू आणि पूर्ण टप्प्याचा चेंडू आला की तो ‘हलवा’. “हलवा बॉल होता, तोही सोडलास!” हे मी हजार वेळा ऐकले आहे आणि स्वतःही ऐकून घेतले आहे. पुढे कॉलेजात “आजचा पेपर एकदम हलवा” हेही सर्रास होते. हलवा म्हणजे चावावेही न लागणारा पदार्थ, तेव्हा केक आणि पायच्या पंगतीत त्याला बसवायला हरकत नसावी. मुलीच्या ओळीला हा शब्द घालून पाहावा.

जुना वाचक (पुणे)

गिरगावकरांचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देणारे आहे आणि ते मी मान्य करतो. हा प्रयोग मुंबईच्या हिंदीतून आला असावा असे मला वाटते, कारण “हलवा समझा है क्या” तिथे रोजचे आहे, पण दोन पिढ्या मराठी मुले तो मराठीत वापरत असतील तर तो परका म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. फक्त तो मुंबईच्या बाहेर कितपत पोहोचला आहे?

लेखणीवाली (नागपूर)

नागपुरात माझ्या घरी विचारून पाहिले. मुलाला लगेच कळले, आईला कळले नाही. तिने विचारले, गाजराचा की दुधीचा? पडद्यावर ओळ दोन-तीन सेकंद टिकते, तेवढ्यात प्रेक्षकाने थबकून चालत नाही, म्हणून हलवा मोह आवरून बाजूला ठेवते.

अनघा (रत्नागिरी)

माझे आधीचे उत्तर चुकले हे मान्य. मात्र मुलीच्या ओळीत वाक्प्रचार हवाच असा आग्रह का? आमच्याकडे परीक्षा देऊन आलेले पोर दप्तर टाकत “पेपर सोपा गेला” एवढेच म्हणते. पेपर आपल्याला ‘जातो’, सोपा जातो किंवा अवघड जातो, ही बोलण्याची रीत इंग्रजीत नाही. ती वापरली की वाक्य मराठी घरातले होते, त्याला वेगळी उपमा लागत नाही.

जुना वाचक (पुणे)

अनघाताई, हे उत्तम सांगितलेत. ‘जातो’ या क्रियापदातच ते सगळे आहे. ‘पेपर सोपा होता’ म्हटले तर तो पेपराचा गुण झाला, ‘सोपा गेला’ म्हटले की तो मला कसा लागला हे आले. ‘हां हां म्हणता’ किंवा ‘चुटकीसरशी’ हे शब्दही अशा वेळी सुचतील, पण ते काम किती भराभर झाले ते सांगतात आणि परीक्षेला तीन तास लागायचे ते लागतातच.

लेखणीवाली (नागपूर)

“आई, पेपर एकदम सोपा गेला!” ही ओळ नक्की केली. आजीची ओळ ‘खायचं काम नाही’ अशी गेली. मेकॅनिकची आधीच मंजूर आहे. उरला वैमानिक.

त्याच्याबद्दल एक गोष्ट मी सुरुवातीला सांगितली नव्हती. तोच वाक्प्रचार चित्रपटात पुन्हा येतो. मोहिमेवरून तो परततो तेव्हा त्याचा हात भाजलेला आहे, त्याला विमानातून दोघे उचलून बाहेर काढतात, आणि मित्राकडे पाहून तो पुन्हा तेच तीन शब्द पुटपुटतो. म्हणजे मला एकच ओळ हवी जी निघताना बेफिकीर वाटेल आणि परतल्यावर तीच ऐकून पोटात कालवेल. दोन्ही ठिकाणी शब्द तेच राहिले नाहीत तर दुसरा प्रसंग वाया जाईल.

फळा आणि खडू (सातारा)

“त्यात काय!”

गिरगावकर

मी “किरकोळ!” म्हणेन. आत्मविश्वास आहे, एका शब्दात आहे, आणि आजची मुले अगदी याच ठेक्यात हा शब्द टाकतात.

सीमापार (न्यू जर्सी)

‘किरकोळ’ छान आहे, पण दुसऱ्या प्रसंगात तो त्या जखमेबद्दल बोलतो आहे असे वाटेल. “किरकोळ” म्हणजे किरकोळ भाजले आहे, असा अर्थ मी तरी घेतला असता. ‘त्यात काय’मध्ये तो धोका नाही.

गिरगावकर

उलट मला तो दुहेरी अर्थच हवासा वाटतो. मोहीमही किरकोळ, जखमही किरकोळ, आणि दोन्ही खोटे. ‘त्यात काय’ फार सौम्य आहे, आईने उपकार मानल्यावर शेजारीण म्हणते तसे. लढाईला निघालेला तरुण असे बोलेल का?

जुना वाचक (पुणे)

‘त्यात काय’ सौम्य आहे हे खरे, परंतु तो प्रश्नाच्या रूपातला नकार आहे आणि म्हणून त्याला उत्तर देता येते. निघताना मित्र काहीच बोलत नाही. परतल्यावर तेच शब्द ऐकताना त्याला आणि प्रेक्षकाला उत्तर डोळ्यांसमोर दिसते. ‘किरकोळ’ हे विधान आहे, तिथे बोलणे संपते. शिवाय या अर्थाने एकट्याने उच्चारलेला ‘किरकोळ’ माझ्या तरुणपणी मी ऐकलेला नाही. १९४०च्या माणसाच्या तोंडी तो मला आजचा वाटतो. यावर दुमत असू शकते, कारण तो मुळात इंग्रजी बोलणारा माणूस आहे आणि आपण त्याला मराठी केव्हाची द्यायची हा वेगळाच प्रश्न आहे.

लेखणीवाली (नागपूर)

दोन्ही ओळी दृश्याखाली लावून काल रात्री पाहिल्या. निघतानाच्या प्रसंगात ‘किरकोळ’ सरस आहे यात शंका नाही. तो हसत गॉगल खाली ओढतो आणि शब्द त्या झटक्याशी जुळतो. परतीच्या प्रसंगात ओठ जेमतेम हलतात आणि तिथे ‘किरकोळ’मधला ‘र्को’सारखा जोरकस उच्चार खुपतो, ‘त्यात काय’ श्वासासारखे निघते. उद्गारचिन्ह पहिल्या वेळी ठेवले आणि दुसऱ्या वेळी काढून टाकले. ‘त्यात काय’ असे लिहून फाइल आज तपासणाऱ्या बाईंकडे पाठवली आहे आणि समासात ‘किरकोळ’ हा पर्यायही नोंदवला आहे. त्यांचे उत्तर आले की इथे कळवीन.